मसालेभाताचा लगदा आणि घरातले तीन तांदूळ: रोजच्याला कोणता, कार्याला कोणता?

सुगरण_नाही
मंडळी, मदत हवी आहे. आधी घरची परिस्थिती सांगते. माझं माहेर नाशिकचं, आम्ही कोलम खाणारे. सासर मालवणचं, राहतो पुण्यात. सासूबाईंना सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते, नवऱ्याला वरणभाताला आंबेमोहरच हवा, आणि मुलांना हॉटेलातल्यासारखा लांब शिताचा भात. म्हणजे डबे तीन आणि टोके झाले की तिन्हींत एकदम.

गेल्या महिन्यात पुतण्याचं केळवण केलं. २२ माणसं. ओळखीतून मुळशीकडचा आंबेमोहर आणला होता, डिसेंबरात भरडलेला, वास असा की डबा उघडला की शेजारीण विचारते. म्हटलं मसालेभात याचाच. २ किलो तांदूळ, एकच मोठं उभं पातेलं, पाणी नेहमीसारखं दुप्पट. झाला काय, तर मसाल्याची खीर. तोंडली आत कुठेतरी सापडत होती. पाहुणे चवीला छान म्हणाले, पण दोघांनी चमच्याने खाल्ला त्यावरून समजले.

आता तीन आठवड्यांनी घरीच साखरपुडा, ४५ माणसं. जाऊबाई म्हणतात, सरळ बासमती आण. मन मानत नाही. प्रश्न दोन: कार्याला कोणता घेऊ? आणि रोजच्यासाठी तिघांना चालेल असा एकच तांदूळ असतो का?

टवाळ_तात्या
मसाल्याची खीर! नाव बदलून 'रिसोटो' म्हणून वाढायचं होतं. जास्त पैसे देऊन खातात लोक.

वरणभात_लिंबू
मसालेभात आंबेमोहराचाच. बासमतीचा तो पुलाव, त्याला गोडा मसाला घातला म्हणून मसालेभात होत नाही. माझ्या आजीच्या हातचा मऊच असायचा, शीत न् शीत मोकळं हे हल्लीचं खूळ आहे.

सुगरण_नाही
मऊ चाललं असतं हो. हा मऊ नव्हता, वाहत होता.

भातखाचर
आमची मावळात शेती आहे आणि भावाची भातगिरणी, म्हणून लिहितो. ताई, तुमचा तांदूळ चुकला नाही, वय चुकलं.

कापणी झाली ऑक्टोबर-नोव्हेंबरात, डिसेंबरात भरडला, तुम्ही शिजवला जानेवारीत. म्हणजे अगदी नवा. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि पीठ जास्त सोडतो. तोच तांदूळ वर्षभर ठेवला की दाणा कडक होतो, जास्त पाणी पितो, फुगतो आणि तरी सुटा राहतो. म्हणून नव्याला दुप्पट पाणी घातलं की जे उरतं ते पीठ घेऊन खळ होतं. आंबेमोहर मुळातच चिकट अंगाचा, त्यात नवा.

गंमत अशी की वास याच्या उलट चालतो. नव्यात घमघमाट असतो आणि जुना होत जाईल तसा तो उडत जातो. त्यामुळे आंबेमोहर घेणारा माणूस कायम पेचात. वास हवा तर नवा घ्या आणि चिकटपणा सोसा, मोकळा हवा तर जुना घ्या आणि वासावर पाणी सोडा. बासमतीचं गणित सोपं आहे, तो जुनाच चांगला म्हणतात, कारण तिथे लोक आधी लांबी आणि सुटेपणा बघतात.

दुसरं एक विचारतो. तांदळात कणी किती होती?

सुगरण_नाही
बरीच होती. घरचा तांदूळ म्हणून काही बोलले नाही.

भातखाचर
मग तेही आलंच. आंबेमोहराचा दाणा बारीक आणि नाजूक, भरडताना तुटतो. तुटलेल्या दाण्याच्या उघड्या तोंडातून पीठ सगळं पाण्यात उतरतं. पोळीला पीठ चाळता तसा कार्याचा तांदूळ चाळून घ्यायचा. कणी फेकू नका, तिचा उपयोग आहे.

नागपुरी_ठेचा
पुणेकरांनी तांदळाचा एवढा विचार करायचा म्हणजे अवघडच. आमच्याकडे या. एचएमटी घ्या, गोळाभात करा, दाणा न् दाणा वेगळा, वरून फोडणीचं तेल. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी काढला. १९८३ साली शेतात दोनचार लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या जपून वाढवल्या, आणि नाव ठेवलं मनगटावरच्या घड्याळावरून. कुठलं विद्यापीठ नाही की प्रयोगशाळा नाही. २०१८ मध्ये गेले. तुमच्या आंबेमोहराला वास असेल, आमच्या तांदळाला गोष्ट आहे.

वरणभात_लिंबू
गोष्ट खरंच मोठी आहे, मान्य. पण वरण कालवून खायला एचएमटी कोरडा पडतो हो.

नागपुरी_ठेचा
वरण घट्ट करता तुम्ही म्हणून!

आटपाडी_टू_अटलांटा
इथे बासमतीशिवाय काही चांगलं मिळत नाही. मी राईस कुकरमध्ये एकास दीड पाणी घालते, मस्त होतो. धाग्यात इडलीसाठी उकडा कोणता ते कोणी सांगितलं नाही? माझ्या इडल्या बसतात.

टवाळ_तात्या
ताई, इथे भात बसलाय. इडल्यांना रांगेत थांबावं लागेल.

पंगतीतला_आचारी
२६ वर्षं कार्याचा स्वयंपाक करतोय, थोडं लिहितो. भातखाचर यांचं बरोबर आहे, पण अर्धाच दोष तांदळाचा. बाकीचा पातेल्याचा.

घरात एक वाटीला दोन वाट्या पाणी घालता तेव्हा त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. दोन किलो तांदळात वाफ तेवढ्या पटीने जात नाही, कारण पातेल्याचं तोंड काही बारा पट मोठं होत नाही. म्हणून माप मोठं झालं की पाण्याचं प्रमाण उतरवायचं. शिवाय उभ्या पातेल्यात वरच्या भाताचा भार तळच्या भातावर येतो. तळाचा चेचला जातो, वरचा कच्चा दिसतो, मग बाई डाव घालून ढवळते आणि सगळंच मोडतं. तुम्ही ढवळलात ना?

सुगरण_नाही
तीनदा. तुम्ही स्वयंपाकघरात होतात की काय?

पंगतीतला_आचारी
सगळीकडे असंच होतं :)

आता करायचं कसं ते सांगतो. ४५ माणसांना, बाजूला साधा वरणभात, पोळी, भाज्या, गोड असं सगळं असेल तर मसालेभाताला साडेतीन किलो पुरे. दोन पसरट पातेल्यांत अर्धा अर्धा करा. तांदूळ कणी चाळून, धुऊन, रोवळीत अर्धा तास निथळत ठेवा. ओला तांदूळ फोडणीत टाकाल तर परतला जाणार नाही, वाफवला जाईल आणि तिथेच चिकटायला लागेल. निथळलेला तांदूळ तेलातुपात मध्यम आचेवर परता, दाणा पांढुरका दिसायला लागतो आणि झाऱ्याखाली सुटा सरकल्याचा आवाज येतो. हा आवाज आला की थांबा. मग कडकडीत आधणाचं पाणी. गार पाणी घातलं की उकळी येईपर्यंत दाणा नुसता भिजत बसतो.

उकळी आल्यावर एकदाच तळापासून हलवायचं, भाज्या खाली बसू नयेत म्हणून. नंतर झाऱ्याला हात लावायचा नाही. पाणी आटून वर भोकं दिसली की आच अगदी मंद, झाकण, झाकणावर थोडं पाणी. बंद केल्यावर १५ मिनिटं उघडायचं नाही.

सुगरण_नाही
आणि पाणी किती? सगळे इथेच गोल गोल बोलतात.

पंगतीतला_आचारी
कारण आकडा तुमच्या तांदळात आहे, माझ्याकडे नाही. आदल्या आठवड्यात त्याच पोत्यातला एक वाटी तांदूळ करून बघा, आधी पावणेदोन वाट्या पाण्यात. मऊ आणि ओला झाला तर दीडवर या. कार्याच्या पातेल्यात त्याहून पाव वाटी कमी धरा. म्हणजे नमुन्याला पावणेदोन लागलं तर मोठ्याला दर वाटीमागे दीड. कमी पडलं तर आधण हाताशी असतंच, चमच्या चमच्याने शिंपडता येतं. जास्त झालेलं काढता येत नाही.

आणि खरं सांगू? माझ्या कामात मी आंबेमोहर वापरतच नाही. मसालेभात अकराला उतरतो आणि शेवटची पंगत दोनला बसते. आंबेमोहर गार झाला की वडी पडते. मी जुना कोलम घेतो. कोणी यजमान अडूनच बसले तर बासमतीचा तुकडा.

वरणभात_लिंबू
बघा, आचारीच सांगतात आंबेमोहर नको. माझं मत मात्र तेच. पहिली पंगत खाणाऱ्याला मजा आली पाहिजे, शेवटच्याने आवरतं घ्यावं.

चष्मेवाली
आंबेमोहर खरा आहे हे ओळखायचं कसं, हे कोणी सांगेल का? मी दुकानातून आणला, कच्चा असताना अत्तरासारखा वास, शिजल्यावर काही नाही.

भातखाचर
मग त्याला वास लावलेला असणार. खऱ्याचं उलट असतं. कच्चा मूठभर तळव्यात घेऊन फुंकर घातली तर हलका येतो, आणि शिजताना घरभर होतो. धुण्याच्या पाण्यातच वास निघून गेला तर तो तांदळाचा नव्हता. बासमतीसाठी निदान सरकारी मानकं आहेत, २०२३ च्या ऑगस्टपासून त्यात कृत्रिम वास चालत नाही. आंबेमोहराला मुळशी आंबेमोहर म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानातल्या सुट्या पोत्यावर नुसतं आंबेमोहर लिहिलेलं असतं, त्याला कोण विचारतो.

आणि तो कमी का मिळतो तेही सांगतो. रोप उंच, काडी नाजूक. दाणा भरायला आणि परतीचा पाऊस यायला एक गाठ पडते, सगळं भात खाचरात लोळतं. लोळलेलं कापायला मजूर दुप्पट लागतात आणि दाणा काळा पडतो. आमच्या घरी बारा गुंठ्यांत घरापुरता लावतो, बाकी इंद्रायणी. इंद्रायणी आमच्या वडगावच्या संशोधन केंद्रातूनच १९८७ साली आली, आंबेमोहराच्याच रक्ताची. बुटकी, उभी राहते, उतारा चांगला. वास आईइतका नाही, पण आहे. मऊ भाताला रोज खायला माझ्या मते तीच परवडते.

कोल्हापुरी_चप्पल
आजऱ्याचा घनसाळ कोणी काढलाच नाही अजून! त्यालाही मानांकन आहे. वासाला आंबेमोहराच्या तोडीस तोड, आणि माझ्या जिभेला त्याहून सरस. पुण्यात मिळत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही.

टवाळ_तात्या
कोल्हापूर आलं. आता पुढचे चाळीस प्रतिसाद पांढऱ्या रश्श्यावर.

चष्मेवाली
एक कळलं नाही. वास जुन्यात उडतो म्हणता, पण मग जुना बासमती महाग का? त्यालाही वास असतोच की.

भातखाचर
असतो, थोडा कमी होतो त्याचाही. पण बिर्याणीत केशर, तूप, मसाला सगळंच असतं, वासाची उणीव भरून निघते. लांब न मोडणारं शीत दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. वरणभाताला मात्र भाताशिवाय वासाचं कोणी नाही.

सोलकढी
उकड्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितेय. सासूबाईंची पेज सोडवायच्या फंदात पडू नका, ताई, ती दुसऱ्या तांदळाची होत नाही.

आमच्याकडे कुडाळला अजून घरी उकडतात. भात म्हणजे सालासकट, तो रात्रभर भिजत घालायचा, सकाळी हंड्यात थोड्या पाण्यात उकडायचा. दाण्याची साल तोंडाशी फुटली की उतरायचा. जास्त ठेवला तर आतला दाणा बाहेर येऊन चिकट होतो. मग पसरून वाळवायचा, आणि इथेच घाई नडते. कडक उन्हात एकदम वाळवला तर भरडताना चुरा होतो. थोडं ऊन, मग सावली, पुन्हा ऊन, असं माझी आजी करायची. एकदा तीन दिवस मळभ आलं आणि सगळ्या घराला आंबूस वास. तो तांदूळ शेवटी कोंबड्यांनी खाल्ला, त्यांनीही नाइलाजाने.

हिशेबी_जोशी
उकडा म्हणजे आधीच उकडलेला, मग तो पटकन शिजत असणार. गॅस वाचेल. शिवाय त्यात साखर नसते, मधुमेहवाल्यांनी कितीही खावा.

सोलकढी
जोशीबुवा, शिजण्याचं तर उलटंच आहे! उकडल्यावर दाणा आवळून कडक होतो, म्हणून तर कोंडा काढताना कमी तुटतो. आमची पेज मंद विस्तवावर पाऊण तास तरी घेते, वाटीला सहा-सात वाट्या पाणी. शीत फुलतं पण विरघळत नाही, आणि पाणी वेगळं, पांढरट. साध्या तांदळाची केली तर सगळं एकजीव होतं, त्याला आम्ही पेज म्हणत नाही.

साखरेचं माहीत नाही, पण मोजून खाल्लं तरच.

गोळीवाला_काका
साखरेचं मी सांगतो, १४ वर्षं मधुमेही आहे, घरी यंत्र आहे. उकड्याचा सुटा भात खाल्ला तर माझा आकडा पांढऱ्यापेक्षा सावकाश चढतो. पण पेज प्यायलो तर तसं होत नाही, मऊ शिजलेलं लवकर पचत असावं. आणि एक वाटीच्या जागी दोन खाल्ल्या की तांदूळ कुठलाही असो, आकडा सांगतोच. उकडताना वरच्या कोंड्यातलं ब जीवनसत्त्व आतल्या दाण्यात उतरतं, तेवढा फायदा मात्र खरा. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या यंत्राला नको.

हिशेबी_जोशी
बरं, पण गॅसचा मुद्दा?

टवाळ_तात्या
जोशीबुवा, भिजत घाला. गॅस पण वाचेल, प्रतिसाद पण.

मूद_आणि_तूप
मूळ प्रश्नाकडे येते. सगळे मसालेभातात अडकलात. साखरपुड्याच्या पानात साध्या भाताची मूद पडते ना? ती बासमतीची पाडून बघा. मी एकदा सासरी पाडली. वाटी उचलली आणि मूद हळूहळू चारी बाजूंना बसली, वर ठेवलेलं वरण लिंबाच्या फोडीपर्यंत पोचलं. सासरे काही बोलले नाहीत, नुसतं ताट थोडं तिरकं केलं. लांब शितं एकमेकांना धरत नाहीत, वरण त्यातून खाली निघून जातं. मुदीला चिकटपणा हा गुण आहे. तुमचा तोच नवा आंबेमोहर, जो मसालेभातात नडला, तो मुदीला वापरा.

सुगरण_नाही
हे डोक्यातच आलं नव्हतं! माझ्याकडे ६ किलो शिल्लक आहे त्यातला.

पंगतीतला_आचारी
ताईंचं एकदम बरोबर. साध्या भाताला दोन किलो करा, थोडं तूप आणि मीठ घालून. मूद वाढायच्या वेळीच पाडायची, आधी पाडून ठेवली की वरून सुकते.

नागपुरी_ठेचा
आणि मसालेभाताला एचएमटी. भांडण मिटलं.

वरणभात_लिंबू
मिटलं नाही.

चष्मेवाली
तांदूळ साठवायचं काय करता? मी बोरिक पावडर लावते, आई लावायची. टोके होत नाहीत, पण हल्ली धुताना भीती वाटते.

भातखाचर
मी नाही लावत. ते पोटात जाण्याची वस्तू नाही, आणि चोळलेला तांदूळ किती धुतला म्हणजे पुरे हे कोण सांगणार? कडूलिंबाचा वाळलेला पाला घालतात, थोडाफार उपयोग होतो. माझा उपाय कंटाळवाणा आहे: भात सालासकट ठेवायचा आणि महिन्याला लागेल तेवढाच भरडायचा. शहरात ते जमणार नाही, मग कमी कमी आणा. वासाचा तांदूळ वर्षाचा भरून ठेवण्यात तसाही अर्थ नाही.

सुगरण_नाही
आठवड्याने परत आले. प्रयोग केला, हिशेब देते.

आंबेमोहर चाळला, ६ किलोतून सव्वा किलो कणी निघाली! मला वाटलं होतं मूठभर असेल. चाळलेल्याची एक वाटी पावणेदोन पाण्यात केली, मऊ झाली, थोडी ओली. दुसरी दीड वाटी पाण्यात, परतून, आधण घालून, न ढवळता: चक्क मोकळा. गरम असताना. दीड तासाने झाकण काढलं तर आचारीकाका म्हणाले तशी वडी. चाकूने कापता आली असती. मग दुकानातून जुना कोलम आणून तोच प्रयोग केला, त्याला पावणेदोन लागलं, दोन तासांनीही सुटा होता. वास मात्र गोड्या मसाल्याचाच, तांदळाचा नाही.

तर ठरलं असं: मूद आंबेमोहराची, मसालेभात जुन्या कोलमाचा. जाऊबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या बासमती असता तर फोटो छान आले असते.

रोजच्याचं काही जुळलं नाही. इंद्रायणी आणून बघितली, नवऱ्याला पसंत पडली. मुलं म्हणाली चिकट. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, 'बरो आसा, पण पेज कसली हेची?' डबे तीनच राहणार.

वरणभात_लिंबू
थोडा मसालेभात आंबेमोहराचा वेगळा करा हो. पहिल्या पंगतीपुरता.

पंगतीतला_आचारी
एक वाटीचाच करायचा असेल तर करा. पण तुमचा घास मोठा आहे असं दिसतंय.

मूद_आणि_तूप
आणि त्या सव्वा किलो कणीचं काय करणार?

सुगरण_नाही
तेच विचारायला आले होते.

भातखाचर
गुरगुट्या भात. कणी, मूठभर मूगडाळ, चौपट पाणी, हिंग, मीठ, कुकरला चार शिट्ट्या, वर तूप. कणीचा दोष तिथे गुण होतो. घरात लहान मूल नसेल तर आजारी पडायची वाट बघू नका.

आटपाडी_टू_अटलांटा
तेवढं इडलीचं राहिलंच.